एकाच कॅनचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर

*ताई, डॉक्टरांनी एक फॉर्म दिलाय. त्यात विचारलंय, 'आठवड्याला किती स्टँडर्ड ड्रिंक घेता?' मी आठवड्यातून तीनदा बिअरचा एक कॅन घेतो, ५०० मिलीचा, ८ टक्के. रोज रात्री जेवणाआधी व्हिस्कीचे दोन पेग. ७५० मिलीची, ४० टक्क्यांची बाटली मला सहा दिवस पुरते. फोनवरच्या तीन कॅल्क्युलेटरमध्ये तोच कॅन घातला तर एकाने ४ सांगितले, दुसऱ्याने ३.२ आणि तिसऱ्याने २.३. मित्र म्हणतो, एक कॅन म्हणजे एक ड्रिंक, आणि सोडा भरपूर घातला की पेग तसाही अर्धाच धरायचा. माझ्या हिशेबाने सतरा होतात. फॉर्मवर सतरा लिहू का? – एक वाचक, वय ४६*

सतरा लिहू नका. आणि त्या तीन कॅल्क्युलेटरांवर चिडूही नका. तिघांनीही गणित बरोबर केलंय, फक्त प्रत्येकाचं माप वेगळं आहे. एकच कापड कुणी वारात मोजावं, कुणी मीटरमध्ये, तसं झालंय.

आधी कापड किती ते पाहू. कॅनवर ८ टक्के छापलंय, त्याच्या आसपास 'व्हॉल', 'व्ही/व्ही' किंवा 'एबीव्ही' असं काहीतरी असेल. याचा अर्थ शंभर मिली बिअरमध्ये ८ मिली निव्वळ अल्कोहोल. टक्के आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. तुमच्या कॅनमध्ये ५०० मिली आहे, म्हणून पाचशेचे ८ टक्के, म्हणजे ४० मिली. हा ४० कुठल्याही देशात, कुठल्याही फोनवर ४०च राहतो.

पुढचा फरक 'एक' कशाला म्हणायचं यावरून पडतो. ब्रिटनमध्ये १० मिली निव्वळ अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. चाळीस भागिले दहा, ४ युनिट. हा तुमचा पहिला आकडा. बाकीचे बरेच देश ग्रॅममध्ये मोजतात, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. त्याचं एक मिली ०.७८९ ग्रॅम भरतं. म्हणून ४० मिली म्हणजे ४० ग्रॅम नव्हे, साधारण साडेएकतीस. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनाही बहुतेक ठिकाणी १० ग्रॅमच धरते. त्या मापाने तुमचा कॅन ३.२ ड्रिंक झाला, तो दुसरा आकडा. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. साडेएकतीस भागिले चौदा, सव्वादोन, तेच तुमच्या तिसऱ्या कॅल्क्युलेटरने २.३ करून दाखवलं. जपानमधली जुनी मोजणी तर एका मापाला २० ग्रॅम धरते. चौथा कॅल्क्युलेटर तिथला मिळाला असता तर त्याने १.६ सांगून तुम्हाला खूश केलं असतं.

या मापांच्या घोळात मीही एकदा फसले आहे. व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात नोंदी घ्यायला नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थांच्या कार्डावर पहिल्या भेटीत मी आठवड्याची ४० युनिट लिहिली. दुसऱ्या भेटीपर्यंत विभागात दहा ग्रॅमचं माप सुरू झालं होतं, म्हणून त्याच सवयीचा हिशेब ३२ आला आणि मी तोच खाली लिहिला, माप न लिहिता. वरून पाहणाऱ्याला वाटलं, केवढी प्रगती! सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. गृहस्थ बिचारे गोंधळले, कारण त्यांनी एक घोटही कमी केला नव्हता. तेव्हापासून मी आकड्याशेजारी माप लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही.

तुमच्या मित्राचं 'एक कॅन म्हणजे एक ड्रिंक' कुठून आलं तेही सांगते, कारण ते अगदीच हवेतलं नाही. अमेरिकी माप ३५५ मिलीच्या, ५ टक्क्यांच्या बिअरला एक ड्रिंक धरतं. त्यात पावणेअठरा मिली, म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. त्या कॅनपुरतं वाक्य खरं आहे. पण तुमचा कॅन मोठाही आहे आणि कडकही. आकार दीडपटीच्या जरासा खाली, टक्के दीडपटीच्या जरासे वर. हे दोन्ही एकमेकांना गुणले जातात, म्हणून हिशेब सव्वादोन पटीवर जातो. डोळ्यांना मात्र तो 'जरा मोठा कॅन' एवढाच दिसतो.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी युक्ती आहे, ती पाठ करून टाका. बाटलीवरचे टक्के म्हणजेच एका लिटरमागची ब्रिटिश युनिट. ८ टक्क्यांच्या बिअरच्या लिटरमध्ये ८ युनिट, अर्ध्या लिटरमध्ये ४. व्हिस्की ४० टक्के, तर लिटरला ४०, पाऊण लिटरच्या बाटलीत ३०. वाइन १३ टक्के असेल तर पाऊण लिटरच्या बाटलीत पावणेदहा. यात जादू काही नाही. लिटरमध्ये हजार मिली, हजाराचा एक टक्का दहा मिली, आणि दहा मिलीचं एक युनिट. दहा ग्रॅमची ड्रिंक हवी असतील तर आलेल्या युनिटांचे ऐंशी टक्के धरा, काटेकोर उत्तराच्या अगदी जवळ जाल. फक्त ०.७८९ने एकदाच गुणा. युनिट ही मुळातच आकारमानावरची आहेत, त्यामुळे युनिट काढताना वजनाचा आकडा मध्ये आणायचाच नाही. बहुतेक चुका इथे होतात. कुणी गुणायचं विसरतं, कुणी दोनदा गुणतं.

आता व्हिस्की. खरा घोटाळा इथे आहे. तुम्ही लिहिलंय 'दोन पेग', आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की बाटली सहा दिवस पुरते. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ७५० मिली भागिले सहा, रोजचे १२५ मिली. दोन पेगमध्ये वाटले तर एकेक पेग साडेबासष्ट मिलीचा. लहान पेग ३० मिलीचा धरतात. तुमचे पेग तसे असते तर बाटली साडेबारा दिवस चालली असती. म्हणजे तुमचा एक पेग दोन लहान पेगांहूनही किंचित मोठा आहे. या बाटलीत घरातलं दुसरं कुणी वाटेकरी असेल तर तेवढं वजा करा, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी सगळी तुमच्या खात्यावर धरतेय.

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. हाताने ओतलेल्या पेगाची हीच गत होते. रुंद बुडाच्या ग्लासात साठ मिली म्हणजे तळाला पसरलेला पातळ थर. डोळ्याला तो गरीब वाटतो आणि हात आणखी एक धार सोडतो. उंच, निमुळत्या ग्लासात तेवढंच ओतलं तर भरपूर वाटतं. म्हणून नोंद घेताना मी 'किती पेग' हा प्रश्न दुसरा विचारते. पहिला प्रश्न असतो, 'बाटली किती दिवसांत संपते?' बाटलीवर मिली आणि टक्के छापलेले असतात, पेगावर काहीच छापलेलं नसतं.

तुमचा हात किती ओततो ते पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोजचा ग्लास रिकामा काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, आणि व्हिस्की जिथवर येते तिथवर पाणी ओता. पाण्याचे जितके ग्रॅम तितकेच मिली, त्यामुळे काट्यावरचा आकडा थेट मिलीच आहे. खूण आठवून नको, ओतण्याच्या सवयीने ओता, आणि तीनदा करा. तीन वेळा तीन आकडे येतील, त्यांची सरासरी घ्या. हा प्रयोग व्हिस्कीवरच करणार असाल तर थोडी दुरुस्ती लागते. ४० टक्क्यांच्या मद्याचं एक मिली ०.९५ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणून काट्यावर ६० दिसले तर ते ६३ मिली असतात. हे नको असेल तर बाटलीवर कागदी चिकटपट्टीची उभी पट्टी लावा आणि रोज रात्री पातळीपाशी रेघ मारून तारीख लिहा. आठवड्याच्या शेवटी पट्टीवरच्या रेघांमधलं अंतर पाहिलं की शनिवारची रेघ कुठे जाते ते कळतंच.

सोड्याचा मुद्दा. साठ मिली, ४० टक्के व्हिस्की ग्लासात घेतली, त्यात २४ मिली अल्कोहोल आलं. वर १८० मिली सोडा ओतला. आता ग्लासात २४० मिली पेय आहे, चव हलकी झाली, टक्के ४० वरून १० वर आले. पण २४० चे १० टक्के किती? २४ मिलीच. टक्के जेवढे उतरले तेवढं आकारमान चढलं. बर्फाचंही तसंच. म्हणून हिशेब नेहमी बाटलीतून ग्लासात किती आलं यावर करायचा, तयार ग्लासावर नाही. याला अपवाद दिसतो तो मिसळून तयार मिळणाऱ्या कॅनचा. त्यांच्यावर छापलेले टक्के मिसळल्यानंतरचे असतात, त्यामुळे तिथे पूर्ण कॅनचं आकारमान धरायचं.

लेबलाबद्दल आणखी थोडं, कारण काही बाटल्यांवर टक्क्यांऐवजी किंवा टक्क्यांसोबत 'प्रूफ' लिहिलेलं असतं आणि लोक तोच आकडा टक्के समजून गुणतात. अमेरिकी प्रूफ टक्क्यांच्या बरोबर दुप्पट असतं, ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. म्हणून ७५ अंश प्रूफ लिहिलेल्या बाटलीवरच दुसरीकडे ४२.८ टक्केही दिसतात. दोन्ही छापलेलं असेल तर प्रूफकडे बघायचंच नाही. आकारमान 'सीएल'मध्ये असेल तर दहाने गुणा, ३३ सीएल म्हणजे ३३० मिली.

आणि दशांशांच्या फार मागे लागू नका. छापलेला आकडाही थोडा मागेपुढे असू शकतो. युरोपीय संघाच्या लेबल नियमांत साडेपाच टक्क्यांपर्यंतच्या बिअरला अर्ध्या टक्क्याची आणि त्यावरच्या बिअरला एक टक्क्याची सूट आहे. ८ छापलेल्या बिअरमध्ये प्रत्यक्षात साडेसात किंवा साडेआठही असेल. तुमच्या कॅनवर तेवढ्याने चार युनिटांत पाव युनिटाचा फरक पडतो. हाताने ओतलेल्या पेगातली चूक याच्या कितीतरी पट मोठी असते. ३१.५६ ग्रॅम लिहिण्यात काही अर्थ नाही, ३२ लिहा.

आता तुमचा आठवडा. तीन कॅन, प्रत्येकी ४० मिली, झाले १२०. व्हिस्की रोज १२५ मिली, तिचे ४० टक्के ५० मिली, सात दिवसांचे ३५०. एकूण ४७० मिली निव्वळ अल्कोहोल. ब्रिटिश युनिट ४७. ग्रॅममध्ये सुमारे ३७०, म्हणजे दहा ग्रॅमची ३७ ड्रिंक, किंवा अमेरिकी मापाने साडेसव्वीस. तुमचे सतरा कुठल्याच मापात बसत नाहीत. तुम्ही तीन कॅन आणि चौदा पेग मोजलेत, आणि ती भांड्यांची मोजणी झाली.

फॉर्मच्या तळाशी किंवा प्रश्नाच्या खाली बारीक अक्षरात 'एक ड्रिंक म्हणजे अमुक ग्रॅम' असं लिहिलंय का ते आधी बघा. कधी कधी तिथे ग्लासांची चित्रं असतात. असेल तर त्याच मापाने भरा. नसेल तर ३७ लिहून शेजारी कंसात 'दहा ग्रॅमची' लिहा. त्याखाली कच्चा हिशेबही लिहा: बिअर, ३ कॅन, ५०० मिली, ८ टक्के, व्हिस्की, आठवड्याला ८७५ मिली, ४० टक्के. मला विचाराल तर डॉक्टरांना आकड्यापेक्षा हाच हिशेब जास्त उपयोगी पडेल, कारण त्यावरून ते हव्या त्या मापात जाऊ शकतात.

अशा फॉर्ममध्ये बहुधा पुढचा प्रश्न असतो, 'पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात?' जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात हा प्रश्न आहे आणि उत्तराचे पर्याय एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात ते नऊ, दहा किंवा जास्त असे असतात. तुमच्या मोजणीने कॅनच्या दिवशी एक कॅन आणि दोन पेग, म्हणजे तुम्ही 'तीन-चार'वर खूण केली असती. प्रत्यक्षात त्या दिवशी बिअरचे ४० आणि व्हिस्कीचे ५०, मिळून ९० मिली होतात. ग्रॅममध्ये ७१, म्हणजे सात ड्रिंक. दोन घरं पुढे. बाकीच्या चार दिवशी नुसत्या व्हिस्कीचे सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार ड्रिंक. त्याच प्रश्नावलीत पुढे एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात असंही विचारतात. तिथे तुमचं उत्तर 'कधीच नाही' नसून 'दर आठवड्याला' आहे, आणि हे तुम्हाला स्वतःला ठाऊकही नव्हतं.

आणखी एक सापळा सांगते, कारण तुम्ही आता इंटरनेटवर मर्यादा शोधणार. ब्रिटनमध्ये २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला १४ युनिट, त्यापेक्षा जास्त नियमितपणे घेऊ नये. हे १४ त्यांच्या युनिटांचे आहेत, म्हणजे १४० मिली, ११० ग्रॅम. हाच आकडा कुणी अमेरिकी ड्रिंकला लावला तर १९६ ग्रॅम होतात, जवळजवळ पावणेदोन पट. त्यात अमेरिकी ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे चौदाला चौदा भेटतात आणि माणूस हमखास घसरतो. ज्या देशाची मर्यादा घ्याल त्याच देशाच्या मापाने स्वतःचा आकडा काढा. तुमचे ४७ त्या १४ च्या तिप्पट आणि वर पाच आहेत, आणि डॉक्टरांकडे बोलायचं ते यावर.

या हिशेबातून काय कळत नाही तेही सांगते. पोटात किती अल्कोहोल गेलं एवढंच तो सांगतो. रक्तात ते किती चढेल हे वजन, बाई की पुरुष, जेवण झालंय की नाही, किती वेळात प्यायलात, यावर ठरतं. तेव्हा 'दोनच ड्रिंक झालीत, गाडी चालवतो' असा निष्कर्ष या गणितातून काढू नका.

आणि हा आकडा पाहून घाबरून उद्यापासून एकदम बंद करू नका. रोज एवढं बरीच वर्षं घेणाऱ्याने अचानक सोडलं तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, क्वचित झटके येणं असं होऊ शकतं. कसं कमी करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. सकाळी हात थरथरतात का, हे ते विचारतीलच. न विचारलं तर तुम्हीच सांगा.

भेटीला जाताना चालू बाटलीचं आणि त्या कॅनचं लेबल फोनवर टिपून न्या, मिली आणि टक्के दोन्ही स्पष्ट वाचता येतील असं. कॅनवर टक्के बहुधा कडेला, बारीक अक्षरात असतात, आणि चेपून टाकलेल्या कॅनवर नेमके तेच वाचता येत नाहीत.